फाटलेली ‘दिसलेली’ महाधमनी: सीटी स्कॅनमधल्या तीन आर्टिफॅक्टचं एक प्रकरण

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि हे प्रकरण मी स्वतः वाचलेल्या स्कॅनचं आहे. आर्टिफॅक्ट म्हणजे शरीरात नसलेली, पण स्कॅनच्या चित्रात उमटलेली खोटी खूण. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण स्कॅनमध्ये काय दिसलं, मी काय म्हणाले आणि कुठे चुकले, ते जसंच्या तसं ठेवलं आहे.

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. फिजिशियनचं तीस खाटांचं रुग्णालय आणि त्याच रस्त्यावर 32 स्लाइसचं सीटी मशीन असलेलं एक सेंटर. रात्री तिथे फक्त टेक्निशियन असतो. स्कॅन मी घरून, संगणकावर वाचते.

रुग्ण 68 वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. रक्तदाब जुना. सहा वर्षांपूर्वी हार्ट ब्लॉकसाठी पेसमेकर बसवलेला, एकाच तारेचा, म्हणजे एकच लीड उजव्या जवनिकेच्या टोकाशी टेकवलेली. त्या रात्री नऊच्या सुमारास जेवून उठताना छातीत एकदम जोराची कळ आली आणि ती पाठीत गेली. रुग्णालयात पोहोचले तेव्हा घामाने शर्ट भिजलेला होता, रक्तदाब 176/98.

फिजिशियनसमोर दोन शक्यता होत्या. एक, हृदयविकाराचा झटका. दुसरी, महाधमनीचं डिसेक्शन, म्हणजे महाधमनीचं आतलं अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरणं. ईसीजीने मदत केली नाही. पेसमेकरने चालणाऱ्या हृदयाचा आलेख मुळातच रुंद आणि वेडावाकडा असतो, त्यात झटक्याची खूण शोधणं अवघड. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन पहिल्या तपासणीत सीमारेषेवर आलं.

या दोन आजारांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. झटका असेल तर रक्त पातळ करणारी औषधं लगेच सुरू करायची. महाधमनी फाटली असेल तर तीच औषधं जिवावर बेततात. म्हणून फिजिशियननी ती औषधं रोखून धरली आणि सीटी अँजिओग्राफी मागवली. हा निर्णय योग्यच होता.

स्कॅन कसा झाला ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. पेशंटच्या डाव्या हाताला आधीच कॅन्युला लावलेली होती, तीच वापरली. मशीनवरचं इंजेक्टर एका सिरिंजचं, त्यामुळे रक्तवाहिन्या उजळ दिसाव्यात म्हणून शिरेत सोडतात त्या कॉन्ट्रास्टच्या मागून सलाईन ढकलायची सोय नाही. 80 मिली कॉन्ट्रास्ट, सेकंदाला 4 मिली. स्कॅन मानेकडून खाली, ईसीजीशी न जोडता, म्हणजे ठोक्याशी वेळ न जुळवता. क्ष-किरणांची नळी एक फेरा 0.6 सेकंदात पूर्ण करणारी. त्याआधी 5 मिमीच्या कापांचा साधा, कॉन्ट्रास्टशिवायचा स्कॅनही झाला होता.

## समस्या

रात्री पावणेबाराला टेक्निशियनने व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले. मॉनिटरचे, मोबाइलने काढलेले. पाठोपाठ फोन. “मॅडम, एऑर्टामध्ये लाइन दिसतेय. अपलोड व्हायला अर्धा तास लागेल, डॉक्टर थांबलेत.”

पहिल्या फोटोत हृदयातून वर निघणारी महाधमनी होती आणि तिच्या आत, कडेला समांतर, चंद्रकोरीसारखी काळी रेघ. दुसऱ्या फोटोत त्याच महाधमनीचा उजवा-मागचा भाग डाव्या भागापेक्षा स्पष्टपणे काळपट. डिसेक्शनमध्ये खऱ्या पोकळीत कॉन्ट्रास्ट आधी भरतं आणि खोट्या पोकळीत उशिरा, त्यामुळे असे दोन रंग दिसतात. तिसऱ्या फोटोत हृदयाभोवतीच्या पिशवीत पातळसा द्रव, आणि टेक्निशियनने त्यावर वर्तुळ ठेवून घेतलेलं माप: 52 एचयू.

एचयू म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. पाणी शून्य, हवा उणे 1000. पिशवीतला नेहमीचा द्रव पाण्याच्या आसपास मोजला जातो. 50 च्या पुढे गेला की रक्ताची शंका येते.

फाटलेलं अस्तर, दोन रंगांच्या पोकळ्या आणि हृदयाच्या पिशवीत रक्त. हे तीन एकत्र आले की पुस्तकातलं टाइप ए, म्हणजे हृदयातून वर निघणाऱ्या महाधमनीचं, डिसेक्शन तयार होतं, तेही पिशवीत रक्त गळायला लागलेलं. मी फिजिशियनना फोनवर सांगितलं, “टाइप ए वाटतंय, सर्जरी असलेल्या ठिकाणी हलवा.”

फोटो पाहिल्यापासून हे वाक्य बोलेपर्यंत चार मिनिटं गेली असतील. हृदयशस्त्रक्रियेची सोय 110 किलोमीटरवर होती. त्यांनी अँब्युलन्स बोलावली, रेफरल चिठ्ठी लिहायला घेतली आणि मुलाला बाहेर बोलावून सांगितलं की वडिलांची मुख्य रक्तवाहिनी फाटली आहे.

## पूर्ण स्कॅन उघडल्यावर

सव्वाबारा वाजता सगळे काप माझ्या संगणकावर आले. मी ते निदान पक्कं करायला आणि फाटण्याची लांबी मोजायला उघडले होते. शंका घ्यायला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या मनःस्थितीत माणूस पुरावे गोळा करतो, तपासत नाही.

पहिला खटका लांबी मोजतानाच बसला. रेघ 1.25 मिमीच्या जेमतेम अकरा कापांमध्ये होती, म्हणजे सुमारे 14 मिमी. झडपेच्या थोडं वर सुरू होऊन ती विरून जात होती. त्याच्या वरची महाधमनी स्वच्छ, कमान स्वच्छ, खाली उतरणारा भागही स्वच्छ. एवढं छोटं डिसेक्शन असू शकतं, पण दोन रंगांच्या पोकळ्या आणि पिशवीत रक्त दाखवणारं डिसेक्शन एवढ्यावर थांबलेलं क्वचित दिसतं.

मग मी रेघेच्या टोकाचा माग काढला. एका कापात ती महाधमनीच्या कडेशी थांबत नव्हती. भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत जात होती. फाटलेलं अस्तर भिंतीच्या आतच असतं, ते भिंतीपलीकडे जाऊ शकत नाही.

इथे मी फुप्फुसाची विंडो, म्हणजे फुप्फुसातले तपशील दिसतील अशी चित्राच्या उजळपणाची मांडणी लावली, जी महाधमनी बघताना सहसा कुणी लावत नाही. हृदयाची डावी कड दुहेरी होती. कडेलगतच्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या एकेक नसून जोडीजोडीने दिसत होत्या, जणू फोटो काढताना हात हलला. मग उभा छेद घेतला. महाधमनीची पुढची कड करवतीच्या दात्यांसारखी आणि त्याच उंचीवर फुप्फुस धमनीची कडही तशीच दातेरी. तिथे काही फाटलेलं नव्हतं, तिथे सगळंच हललं होतं.

हालचालीचं आर्टिफॅक्ट कसं घडतं. सीटीचा एक काप म्हणजे एक फोटो नव्हे. नळी रुग्णाभोवती फिरताना शेकडो कोनांतून मोजमापं घेते आणि संगणक ती सगळी एकाच स्थिर वस्तूची आहेत असं धरून चित्र उभं करतो. मिनिटाला 70 ठोके असतील तर एक ठोका 0.86 सेकंदाचा. फेरा 0.6 सेकंदाचा. म्हणजे एका फेऱ्यात हृदयाच्या ठोक्याचा बराचसा भाग उरकून जातो. सुरुवातीच्या कोनांना महाधमनीची भिंत एका जागी दिसते, शेवटच्या कोनांना काही मिलीमीटर सरकलेली. संगणक दोन्ही जागा काढतो, आणि त्यांच्या मधली फट फाटलेल्या अस्तरासारखी दिसते.

ही खोटी रेघ बहुतेक वेळा महाधमनीच्या डाव्या-पुढच्या आणि उजव्या-मागच्या बाजूला येते. आमची रेघही अगदी तिथेच होती. फोटोतल्या एका कापावरून हे कळलं असतं का? जागेवरून शंका तरी यायला हवी होती.

साध्या स्कॅनने अजून एक गोष्ट सांगितली. तिथेही महाधमनीची कड दुहेरी दिसत होती, पण दुसऱ्याच उंचीवर. त्या वेळी नळी तिथून गेली तेव्हा ठोका वेगळ्या टप्प्यात होता, एवढाच अर्थ. खरी फाट दोन स्कॅनच्या मधल्या काही मिनिटांत जागा बदलत नाही. भिंतीतले कॅल्शियमचे ठिपकेही बाहेरच्या कडेलाच होते. अस्तर सुटलं असतं तर ते आत सरकले असते.

## काळपट पोकळी

रेघ हालचालीची असेल, तर मग दोन रंगांच्या पोकळ्यांचं काय?

उजवा-मागचा भाग मी मोजला: 190 एचयू. डावा भाग 330. कमानीत सगळीकडे एकसारखं 335. फरक खरा होता, डोळ्यांचा भास नव्हता. पण काळपट भागाच्या कडा गोलाकार नव्हत्या. त्या सरळ होत्या, आणि सगळ्या एकाच ठिकाणाहून पंख्यासारख्या निघत होत्या. ते ठिकाण म्हणजे महाधमनीला उजवीकडून खेटून असलेली सुपीरियर व्हेना कावा. हाताच्या शिरेत सोडलेलं कॉन्ट्रास्ट तिच्यातूनच हृदयाकडे जातं. स्कॅनच्या वेळी ती काठोकाठ भरलेली होती, 1000 एचयूच्या वर. मागून सलाईन नाही, आणि स्कॅन वरून खाली, त्यामुळे शीर रिकामी व्हायला वेळच मिळाला नाही. त्यातच पेसमेकरची तारही याच शिरेतून जाते.

तो काळा पट्टा महाधमनीत थांबतही नव्हता. एक-दोन कापांत तो पुढे उजव्या फुप्फुस धमनीवरूनही जात होता. दोन वेगळ्या रक्तवाहिन्यांवरून एकाच सरळ रेषेत जाणारी खोटी पोकळी शरीरात नसते.

बीम हार्डनिंग म्हणजे काय. नळीतून निघणारी क्ष-किरणं एकाच ताकदीची नसतात. कमी ऊर्जेचे, मधल्या ऊर्जेचे, जास्त ऊर्जेचे असे सगळे कण एकत्र येतात. दाट कॉन्ट्रास्टमधून जाताना कमी ऊर्जेचे कण आधी अडतात, आणि पलीकडे पोहोचतात ते बहुतेक तगडे. हा उरलेला झोत पुढच्या गोष्टींमधून सहज आरपार जातो. संगणकाच्या हिशेबात झोत वाटेत बदलत नाही, म्हणून अपेक्षेपेक्षा जास्त किरणं पोहोचलेली दिसली की तो समजतो की वाटेत घनता कमी होती. त्या वाटेवरचा भाग काळा रंगवला जातो. दोन दाट वस्तू एका रेषेत आल्या की त्यांच्या मधला पट्टा सर्वांत काळा. इथे एका बाजूला व्हेना कावा आणि दुसऱ्या बाजूला कॉन्ट्रास्टने भरलेली महाधमनी स्वतः.

म्हणजे 190 हा आकडा महाधमनीतल्या रक्ताचा नव्हता, तो शेजारच्या शिरेमुळे पडलेला होता. आकडा हातात आला की निदानाला वजन येतं असं आपल्याला वाटतं. पण एचयूसुद्धा त्याच बिघडलेल्या चित्रातून मोजलेलं असतं.

## पिशवीतलं ‘रक्त’

52 हे माप मला सगळ्यात जास्त खुपत होतं, कारण टाइप ए मध्ये माणूस बहुधा पिशवीत रक्त भरून जातो. इथे चुकले तर भरपाई नाही.

टेक्निशियनने वर्तुळ जिथे ठेवलं होतं ती जागा लीडच्या टोकापासून सेंटीमीटरभर अंतरावर होती. त्या टोकातून चांदणीसारखे पांढरे-काळे पट्टे चारी दिशांना निघालेले, आणि त्यातला एक पांढरा पट्टा बरोबर त्या द्रवावरून गेलेला. मी तोच द्रव चार सेंटीमीटर दूर, पट्टे नसलेल्या कापात मोजला. 9 एचयू. तिथे जाडी 4 मिमी. एवढा पाण्यासारखा द्रव कुणाच्याही पिशवीत सापडतो.

धातूच्या आर्टिफॅक्टमध्ये बीम हार्डनिंग असतंच, पण त्याहून वाईट म्हणजे काही कोनांतून धातूपलीकडे किरणं जवळजवळ पोहोचतच नाहीत. लीडच्या टोकाशी प्लॅटिनम-इरिडियमसारखा फार घन धातू असतो. त्या कोनांतलं मोजमाप नुसता गोंगाट असतो आणि संगणक त्या गोंगाटाचे पट्टे ओढतो. आणि ही तार स्थिर नसते, प्रत्येक ठोक्याला हलते. म्हणजे धातू आणि हालचाल, दोन्हींचा दोष एकाच बिंदूवर. गुडघ्यातल्या किंवा खुब्यातल्या धातूसाठी पट्टे कमी करणारं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी काम करतं, पण हलत्या तारेवर त्याचा भरवसा कमी. कधी ते स्वतःच नवे पट्टे उभे करतं, म्हणून मूळ चित्र शेजारी ठेवल्याशिवाय ते वाचू नये.

त्या चांदणीमुळे लीडचं टोक हृदयाच्या स्नायूबाहेर गेल्यासारखंही दिसत होतं. तो भास नीट न ओळखता मी ‘लीडने हृदय भोसकलं’ असंही लिहून बसले असते, आणि मग पिशवीतल्या रक्ताला दुसरं कारणही मिळालं असतं.

आता सगळं समोर होतं. तीन वेगळ्या कारणांनी घडलेले तीन दोष, आणि तिन्ही एकाच आजाराकडे बोट दाखवत होते. एकेक दोष मी ओळखला असता, तसे मी रोज ओळखते. पण एकाने दुसऱ्याला दुजोरा दिला की शंका घेणारं मन गप्प बसतं. मी रेघेवर विश्वास ठेवला तो काळपट पोकळीमुळे, पोकळीवर ठेवला तो रेघेमुळे, आणि दोन्हींवर शिक्का मारला तो 52 ने.

## पर्याय

साडेबाराला मी फिजिशियनना पुन्हा फोन केला. अँब्युलन्स दारात उभी होती.

मी काय बोलावं हा पहिला खरा निर्णय होता. “डिसेक्शन नाही” म्हणण्याचा मोह मोठा होता. पण तेही चूक ठरलं असतं. महाधमनीचा तो 14 मिमीचा भाग या स्कॅनमध्ये वाचण्यासारखाच नव्हता. दिसलेली रेघ खोटी आहे यावरून तिच्या मागे खरी छोटी फाट लपलेली नाही असं सिद्ध होत नाही. मी म्हणाले, “सर, मघाशी मी घाई केली. रेघ, काळा भाग आणि पिशवीतलं माप, तिन्ही आर्टिफॅक्ट दिसतायत. पण मुळाजवळची महाधमनी या स्कॅनवरून क्लिअर करता येत नाही. कमान आणि खालचा भाग नॉर्मल आहे, तेवढं खात्रीने सांगते.”

पलीकडे काही क्षण शांतता. मग त्यांनी विचारलं, “मग हेपरिन सुरू करू की नको, मॅडम? मला एवढंच सांगा.”

हेपरिन म्हणजे तेच रक्त पातळ करणारं औषध, आणि प्रश्न बरोबर होता. अहवाल कितीही तपशीलवार असला तरी पलंगाशेजारच्या माणसाला शेवटी हेच ठरवायचं असतं. आम्ही समोर असलेले रस्ते बोलून पाहिले.

तसंच 110 किलोमीटर सर्जरीला पाठवायचं, तर तीन तास जातील आणि तिथेही पहिल्यांदा स्कॅनच मागतील. दरम्यान झटका असेल तर उपचार बंद. इथेच त्याच मशीनवर उजव्या हातातून पुन्हा स्कॅन करायचा, तर काळा पट्टा कमी होईल, पण ईसीजीशी जोडणी नसल्यामुळे रेघ पुन्हा येईल, आणि आम्ही होतो तिथेच राहू. अन्ननलिकेतून इको करायचा, तर करणारं कुणी रात्री जवळपास नव्हतं. शिवाय श्वासनलिकेच्या आड येणारा महाधमनीचा वरचा थोडा भाग त्यात दिसत नाही.

चौथा रस्ता होता जिल्ह्याच्या ठिकाणचा, 38 किलोमीटरवर, सर्जरीच्या गावाच्याच वाटेवर. तिथे 128 स्लाइसचं मशीन होतं आणि ईसीजीशी जोडून स्कॅन करता येत होता. पुन्हा 70-80 मिली कॉन्ट्रास्ट द्यावं लागणार होतं, क्रिएटिनिन 1.3. मूत्रपिंडावरचा हा भार या परिस्थितीत पत्करण्यासारखा होता. टाइप ए खरंच असेल तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका एक-दोन टक्क्यांनी वाढतो असा जुना, सगळीकडे सांगितला जाणारा आकडा आहे, म्हणून गाडी उलट दिशेला नेणं मला मान्य नव्हतं. वाटेत थांबणं मान्य होतं.

## काय केलं

निघण्याआधी मी त्यांना एक विनंती केली: हातातल्या छोट्या इको मशीनने पिशवी एकदा बघा. त्यांनी पाहिलं. पातळ कड, हृदयावर दाब नाही. ध्वनिलहरींना लीडच्या क्ष-किरणी पट्ट्यांशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे तिसरा साक्षीदार तिथेच गळाला.

रक्तदाब उतरवायला लॅबेटॅलॉलचं ड्रिप आणि वेदनेला मॉर्फिन सुरू केलं. ही दोन्ही औषधं दोन्ही निदानांत चालणारी. पेसमेकर असल्यामुळे नाडी फार खाली जाईल ही धास्तीही नव्हती. रक्त पातळ करणारी औषधं नव्या स्कॅनपर्यंत थांबवली. हा निर्णय फिजिशियनचा होता आणि मी त्याला दुजोरा दिला.

मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या टेक्निशियनशी थेट बोलले. नुसतं ‘एऑर्टा अँजिओ’ असं चिठ्ठीवर गेलं असतं तर कदाचित पहिल्यासारखाच स्कॅन झाला असता. त्याला सांगितलं: उजव्या हातात 18 नंबरची कॅन्युला, कॉन्ट्रास्टमागे 40 मिली सलाईन, स्कॅन खालून वर, म्हणजे छातीच्या वरच्या भागात पोहोचेपर्यंत शीर धुऊन निघेल. ईसीजी जोडून, दोन ठोक्यांच्या मधला विसाव्याचा काळ पकडायचा, साधारण 70 ते 75 टक्क्यांवर. पेसमेकर इथे कामी आला. वेदना असूनही ठोके घड्याळासारखे मिनिटाला 70, एकही पुढेमागे नाही. अशा पेशंटमध्ये जोडणीचा स्कॅन छान उतरतो.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी स्कॅन झाला. या वेळी मी एकही फोटो उघडला नाही, पूर्ण संच येईपर्यंत थांबले.

## निष्पत्ती

महाधमनीचं मूळ काचेसारखं स्वच्छ होतं. झडपेच्या तिन्ही पाकळ्या सुट्या मोजता येत होत्या. रेघ नाही, आत सगळीकडे एकसारखा पांढरा रंग, व्यास 38 मिमी. लीडची चांदणी होतीच, पण बरीच लहान, आणि टोक स्नायूच्या आत असल्याचं दिसत होतं. पिशवीतला द्रव 8 एचयू.

त्याच सुमारास दुसऱ्या ट्रोपोनिनचा निकाल आला, पहिल्याच्या कित्येक पट. हेपरिन आणि ॲस्पिरिन पावणेतीनला सुरू झालं. सकाळी पुढच्या गावी अँजिओग्राफी झाली, हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत 90 टक्के अडथळा, स्टेंट बसला. आठवड्याने ते घरी गेले. हृदयाची पंपिंग क्षमता 45 टक्क्यांवर राहिली.

माझ्या चार मिनिटांच्या वाक्यामुळे रक्त पातळ करणारी औषधं नेमकी किती उशिरा मिळाली याचा हिशेब सरळ नाही. मी पहिल्याच फोनवर “या स्कॅनवर मूळ वाचता येत नाही” म्हणाले असते तरी दुसरा स्कॅन लागलाच असता. पण मधला पाऊण तास नक्की माझा होता. आणि मुलाला जे सांगितलं गेलं तेही. त्याने रात्रीत बहिणीला आणि मुंबईच्या चुलत्यांना बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर विचारलं, “मॅडम, म्हणजे फाटलं नव्हतंच का?” मी नव्हतं म्हणाले, आणि मग काय झालं होतं ते सुरुवातीपासून सांगितलं.

## आता काय वेगळं करतो

सेंटरवर तीन बदल झाले. महाधमनीच्या स्कॅनला कॅन्युला उजव्या हातात, आधी डावीकडे लावलेली असली तरी नवी लावायची. दोन सिरिंजचं इंजेक्टर आलं. आणि महाधमनीच्या मुळाची शंका असेल तर पेशंटला थेट ईसीजी-जोडणीच्या मशीनकडे पाठवायचं, प्रकृती तेवढी स्थिर असेल तर. व्होल्टेज वाढवून बीम हार्डनिंग कमी होतं हे खरं, पण आयोडीनचा उजळपणाही त्यासोबत उतरतो, म्हणून तो बदल सरसकट केला नाही.

माझ्या वाचनात बदल झाला तो असा की मोबाइलच्या फोटोवर मी निदान बोलत नाही. पूर्ण संच येईपर्यंत “तातडीचं काही असू शकतं, थांबा” एवढंच सांगते. महाधमनीत रेघ दिसली की आधी फुप्फुसाची विंडो, मग उभा छेद, मग रेघ भिंत ओलांडते का. धातूजवळचं एचयू दोन ठिकाणी, एक जवळ आणि एक लांब, मोजल्याशिवाय अहवालात लिहीत नाही.

एका गोष्टीवर आमचं एकमत झालं नाही. फिजिशियनचं म्हणणं, रात्री शंका असेल तर जास्तीत जास्त घाबरवणारं निदानच आधी सांगा, किमान पेशंट हलतो तरी. मला ते पटत नाही. इथे पेशंट हलला असता, पण चुकीच्या आजारासाठी आणि योग्य औषधाशिवाय.

प्रकरण बंद झालं असं मला वाटलं होतं. सात महिन्यांनी त्याच सेंटरवर त्यांचं नाव पुन्हा आलं. नव्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, ‘जुनं महाधमनी डिसेक्शन, वाढलंय का पाहा’. त्या रात्री घाईने लिहिलेली पहिली रेफरल चिठ्ठी फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेली होती, आणि माझा दुरुस्त अहवाल मागे कुठेतरी. प्रत्येक नवा डॉक्टर वरचं पान वाचत होता. रक्त पातळ करणारी एक गोळी त्या वाक्यामुळे मध्यंतरी बंदही झाली होती, स्टेंट असताना.

मी स्कॅन थांबवला, डॉक्टरांना फोन केला आणि गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू करवली. मग पेशंटना समोर बसवून दोन्ही स्कॅनचे काप शेजारी शेजारी दाखवले, एक दुहेरी कड असलेला, एक स्वच्छ. नवा अहवाल पहिल्या ओळीतच ‘डिसेक्शन नव्हते’ असं लिहून त्या चिठ्ठीच्या वर स्टेपल केला, आणि चिठ्ठीवर तिरकी रेघ मारून सही व तारीख घातली.